पहिल्या अंघोळीचा शर्ट : टेलरच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात मी कशी लिहिली

आमचं टेलरिंगचं दुकान तालुक्याच्या गावी आहे, स्टँडच्या मागच्या गल्लीत. बाबा कटिंग करतात, आई ब्लाउज शिवते, शर्टाला चाचा आणि पँटला मामा असे दोन कारागीर. दर दिवाळीला बाबा गावातल्या प्रेसमध्ये जाऊन 'सालाबादप्रमाणे यंदाही' असं सुरू होणारं एक पत्रक छापून आणायचे. वर लक्ष्मीचं चित्र, मध्ये हार्दिक शुभेच्छा, खाली दुकानाचं नाव. २०२५ च्या गणपतीनंतर ते मला म्हणाले, "तू बी.कॉम.ला आहेस ना, या वर्षी तू लिही." मी लगेच हो म्हणाले आणि रात्रीत एक मजकूर करून त्यांच्यापुढे ठेवला. तो पार फसला. तो का फसला आणि मग काय काय केलं, ते ज्यांच्या घरी टेलरिंगचं दुकान आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहिते.

आधी ठरवा : गिऱ्हाईक हवंय की वेळेवर आलेलं गिऱ्हाईक?

माझा पहिला मजकूर असा होता : "फॅशनच्या दुनियेतील एक विश्वसनीय नाव! दिवाळीनिमित्त खास ऑफर! त्वरा करा! आजच भेट द्या!" बाबांनी चष्मा वर करून वाचला, परत दिला आणि म्हणाले, "हे कापड दुकानाचं वाटतंय."

त्यांचं बरोबर होतं. कापड दुकानात धनत्रयोदशीच्या संध्याकाळी शंभर माणसं आली तर मालक खूश असतो, ठाण संपलं तर दुसरं काढतो. आमच्याकडे त्या संध्याकाळी दहा माणसं कापड घेऊन आली तर भांडण होतं. दिवाळीत टेलरकडे गिऱ्हाईक कमी पडत नाही, दिवस कमी पडतात. आदल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे तीनपर्यंत दुकानाचा दिवा चालू होता आणि तरीही एका लहान मुलाचा शर्ट राहिला. त्याची आई अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून विचारत होती, "मास्तर, पहिल्या अंघोळीला काय घालू त्याला?" बाबांना उत्तर देता आलं नव्हतं. तो शर्ट पाडव्याला गेला आणि त्या घरचं कापड नंतर आमच्याकडे आलं नाही.

म्हणून टेलरच्या दिवाळीच्या जाहिरातीचं काम एकच : लोकांना लवकर आणि पुरेसं कापड घेऊन यायला लावायचं. हे एकदा ठरलं की 'त्वरा करा' लिहायची गरज पडत नाही, तारीख लिहावी लागते. आणि तारीख लिहायची तर आधी हिशोब करावा लागतो.

तारीख काढायची ती उलटी मोजून

मी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर सण लिहून घेतले. २०२५ मध्ये घटस्थापना सोमवारी २२ सप्टेंबरला, दसरा गुरुवारी २ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी शनिवारी १८ ला आणि नरकचतुर्दशी सोमवारी २० ला होती. म्हणजे कपडे १८ तारखेला गिऱ्हाइकाच्या हातात गेले पाहिजेत. १९ चा रविवार मी मुद्दाम मोकळा ठेवला, कारण कुणाची बाही लांब होते, कुणाची कंबर दाटते, आणि त्या दुरुस्तीला एक दिवस लागतोच.

१८ पासून मागे यायला लागले तर पहिला अडसर आला काजांचा. आमच्याकडे काजाचं मशिन नाही. काजा-बटण करणारा गल्लीच्या टोकाला बसतो आणि पाच-सहा दुकानांचं काम घेतो. एरवी तो सकाळी दिलेले शर्ट संध्याकाळी देतो, दिवाळीत दोन दिवस घेतो. म्हणून १६ आणि १७ त्याच्या नावावर गेले, १७ च्या रात्री इस्त्री आणि घडी. याचा अर्थ मशिनवरून शेवटचा शर्ट बुधवारी १५ ला उतरला पाहिजे.

आता दसऱ्यानंतर किती दिवस हातात? ३ ते १५ ऑक्टोबर, तेरा. दसऱ्याला आमच्याकडे मशिनं, टेप आणि कात्री पूजेत असतात, त्या दिवशी कात्रीला कुणी हात लावत नाही, म्हणून २ तारीख मी धरलीच नाही. तेरातला एक दिवस मी खोडला. वीज जाते, कुणाला ताप येतो, मोटार जळते. बाबा म्हणाले, "एवढं वाईट कशाला धरतेस?" मी आदल्या वर्षीची मापवही उघडून दाखवली. त्यात ऑक्टोबरातल्या एका तारखेला एकही एंट्री नव्हती, मोटार दुरुस्तीला गेली होती. ते गप्प बसले.

उरले बारा दिवस. चाचा दिवसाला पाच शर्ट उतरवतात. ओढून ताणून सात होतात, पण मग कॉलरची टोकं एकसारखी येत नाहीत आणि तो शर्ट परत येतो, म्हणून मी पाचच धरले. बारा पंचे साठ. त्यातले चौदा नेहमीच्या लोकांनी आधीच सांगून ठेवले होते, म्हणजे जागा शेहेचाळीस. आईचे अस्तरचे ब्लाउज दिवसाला चार, म्हणजे अठ्ठेचाळीस. पण भाऊबीजेचे वीस आधीच आलेले, उरले अठ्ठावीस. पँट मामा उरकतात, तिथे अडचण नव्हती.

हे आकडे तुमच्या दुकानात वेगळे येतील, पण ते मालकाला विचारून लिहू नका. मालक सणाच्या उत्साहात आकडा फुगवून सांगतो. मी आठवडाभर संध्याकाळी चाचांच्या बाजूच्या गठ्ठ्यातले तयार शर्ट स्वतः मोजले.

शेवटची पायरी गठ्ठ्याची. कापड आलं की लगेच कात्री लागत नाही, ते रांगेत थांबतं. आदल्या वर्षीच्या वहीवरून दिसत होतं, की गर्दीच्या दिवसांत टेबलाखाली साधारण पंचवीस शर्टांचं कापड पडून असायचं. पाच शर्ट रोज म्हटलं तर ते पाच दिवसांचं काम. १५ मधून पाच वजा, म्हणजे १० ऑक्टोबर, शुक्रवार. त्या दिवशी रात्री दुकान वाढवेपर्यंत आलेलं कापड दिवाळीला मिळेल, नंतरचं नाही.

ब्लाउजची तारीख खरं तर १२ निघत होती, कारण हुक आमची आत्याच लावते, काजावाल्याची वाट पाहावी लागत नाही. मी उत्साहाने दोन्ही तारखा मजकुरात घातल्या. आई म्हणाली, "दोन लिहिल्यास तर लोक पुढचीच लक्षात ठेवतील." म्हणून जाहिरातीत एकच तारीख राहिली. ब्लाउजचे दोन दिवस आईने स्वतःच्या पदरात बांधून ठेवले, जवळच्या बायकांसाठी.

शब्द काउंटरवर ऐकायचे

मजकूर घरी बसून सुचत नाही. मी तीन दिवस कॉलेजवरून आल्यावर काउंटरवर बसले आणि लोक काय बोलतात ते जसंच्या तसं लिहिलं. 'उत्कृष्ट फिटिंग' असं एकही माणूस म्हणाला नाही. "अंगाला बसतंय, पण काखेत लागतंय" असं म्हणतात. 'आकर्षक डिझाइन' कुणी मागितलं नाही, "गेल्या वेळेसारखंच करा" म्हणतात. आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकू आलं ते हे : "पहिल्या अंघोळीला मिळेल ना?"

मथळा तिथेच सापडला. पहिल्या अंघोळीचा शर्ट, पहिल्या अंघोळीच्या आधी. यात 'दिवाळी' हा शब्दसुद्धा नाही, पण आमच्या भागात तो सांगावाही लागत नाही. उटणं, पहाटेचा अंधार आणि घडी न मोडलेल्या कापडाचा वास, सगळं त्या तीन शब्दांत येतं. आदल्या वर्षी शटरखालून वाकलेल्या त्या बाईंचाच हा शब्द होता, हे मात्र मी बाबांना सांगितलं नाही.

'बंद' हा शब्द

इथे आमचं वाजलं. मी लिहिलं होतं : "१० ऑक्टोबरनंतर ऑर्डर बंद." बाबा म्हणाले, "लक्ष्मीच्या सणाला स्वतःच्या हाताने 'बंद' छापायचं? आपण दुकानसुद्धा रात्री बंद करत नाही, वाढवतो."

मला आधी ही नुसती जुनी समजूत वाटली. पण वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं म्हणणं धंद्याच्याही हिताचं होतं. 'बंद' वाचून माणूस मनात म्हणतो, 'यांना माज आलाय.' तीच तारीख काय मिळणार हे सांगून लिहिली, तर तोच माणूस घरी कापड शोधायला लागतो. म्हणून वाक्य असं केलं : "शुक्रवार १० ऑक्टोबरपर्यंत कापड द्या, शनिवार १८ ला, धनत्रयोदशीला, कपडे घेऊन जा." दोन्ही क्रियापदं गिऱ्हाइकाची आहेत. वार लिहायचाच, कारण लोक तारखेपेक्षा वाराने दिवस लक्षात ठेवतात. आणि १८ ला शिवून द्यायची जबाबदारी आपली आहे हे आठ दिवसांच्या अंतरावरून आपोआप कळतं.

सूट नको, मग काय द्यायचं?

सगळी दुकानं दहा टक्के देतात, आपणही देऊ, असं मी म्हटलं. बाबांनी कागदावर मांडून दाखवलं. आमच्याकडे कारागिराला नगावर मजुरी आहे. शिलाईत दहा टक्के कापले तर ते मजुरीतून कापता येत नाहीत, दिवाळीत तर नाहीच. दोरा, कॅनव्हास, बटणं, काजावाला यांचे पैसेही तेच राहतात. म्हणजे ते दहा टक्के सगळेच्या सगळे दुकानाच्या उरलेल्या पैशातून जातात. आणि जागा शेहेचाळीसच असताना सूट देऊन आणखी माणसं बोलवायची कशाला?

त्याऐवजी जी गोष्ट आम्हाला स्वस्त आणि गिऱ्हाइकाला महाग ती दिली. भाऊबीजेनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्याकडे काम मंदावतं, पुढे लग्नसराई सुरू होते. त्या रिकाम्या दिवसांत शिवण उसवून अर्धा इंच सोडणं म्हणजे पंधरा मिनिटांचं काम. म्हणून लिहिलं : "कुठे लागलं, कुठे ढिलं झालं, तर तुळशीच्या लग्नापर्यंत दुरुस्ती मोफत." अट एकच, कपडा आमच्याकडेच शिवलेला हवा. ती छापली नाही, तोंडी सांगायची ठरवली. पुढे एक गृहस्थ रेडिमेड पँट घेऊन आलेच.

लोक जपून ठेवतील अशी एक गोष्ट घाला

पेपरातून आलेलं पत्रक बहुतेक घरांत फरसाणाखाली जातं. ते फ्रिजवर चिकटायला हवं असेल तर त्यात उपयोगाचं काहीतरी हवं. आमच्या दुकानात रोज होणारं भांडण कापड कमी आणल्याचं. माणूस दुकानदाराच्या सांगण्यावरून एक चाळीस कापड आणतो, फुल शर्ट मागतो आणि बाबांनी हाफ होईल म्हटलं की म्हणतो, "दुसरे टेलर करतात." म्हणून मी बाबांकडून मापं लिहून घेतली.

५८ इंची पन्हा असेल तर फुल शर्टाला १.६० मीटर, पँटला सव्वा मीटर. ३६ इंची पन्ह्याच्या शर्टाला सव्वादोन मीटर. ४४ इंची पन्ह्याच्या झब्ब्याला अडीच मीटर. मोठे चौकडे असतील तर पाव मीटर जादा, कारण खिसा आणि पुढची पट्टी चौकड्याला चौकडा जुळवून कापावी लागते. बांधा थोराड असेल तर आधी विचारून घ्या. एवढ्या पाच ओळी, बस. मी ब्लाउजच्या गळ्यांचीही यादी घालणार होते. आईने ती काढायला लावली, कारण ब्लाउजच्या जागा अठ्ठावीसच होत्या आणि नवरात्राच्या रंगांचे ब्लाउज आधीच तिच्या डोक्यावर बसले होते. जे काम भरत आलंय त्याची जाहिरात करायची नाही.

शेवटी उतरलेला मजकूर

> पहिल्या अंघोळीचा शर्ट, पहिल्या अंघोळीच्या आधी.
>
> शुक्रवार १० ऑक्टोबरपर्यंत कापड द्या.
> शनिवार १८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीला, कपडे घेऊन जा.
> दसऱ्याच्या आधी माप दिलंत तर ट्रायल घालून बघायलाही वेळ मिळेल.
>
> कापड किती आणाल?
> फुल शर्ट : पन्हा ५८ इंच, १.६० मीटर / पन्हा ३६ इंच, सव्वादोन मीटर
> पँट : पन्हा ५८ इंच, सव्वा मीटर
> झब्बा : पन्हा ४४ इंच, अडीच मीटर
> मोठे चौकडे : पाव मीटर जादा
>
> कुठे लागलं, कुठे ढिलं झालं, तर तुळशीच्या लग्नापर्यंत दुरुस्ती मोफत.
> दसऱ्याला मशिनांची पूजा असते. त्या दिवशी माप नको, सोनं द्यायला या.

खाली दुकानाचं नाव, 'स्टँडच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारी' असा पत्ता, फोन आणि वेळ. शेवटचं वाक्य बाबांचं आहे. ते मला सुचलं नसतं.

दसऱ्याच्या आधीची ओळ मात्र मी मुद्दाम घातली. २२ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या नवरात्राच्या दहा दिवसांत आईला मान वर करायला वेळ नसतो, पण चाचांच्या मशिनवर शर्ट फारसे नसतात. तिथे पन्नासाची जागा रिकामी होती. दिवाळीचे शर्ट तिकडे ओढले तर १० तारखेची गर्दी तेवढीच कमी.

छापताना : शर्टाचं शटर

मी मजकूर मोबाइलवर टाइप करून प्रेसला पाठवला होता. त्यांनी तो त्यांच्या जुन्या फाँटमध्ये फिरवून घेतला आणि प्रूफ दिलं. मी वरवर बघून ठीक म्हणणार होते. बाबा मात्र बोट ठेवून एकेक अक्षर वाचतात. मथळ्यावरच थांबले. "पहिल्या अंघोळीचा शटर्?"

फाँट बदलताना रफार एक अक्षर पुढे सरकतो, आणि 'शर्ट'चा 'शटर्' होतो. एकदा कळल्यावर बाकीचं दिसायला लागलं : 'दसऱ्याच्या'मधला अर्धा र मोडून 'दसर्याच्या' झालं होतं. युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटात जाणार असेल तर सगळा मजकूर परत वाचण्याआधी फक्त तीन गोष्टी शोधा : रफार असलेले शब्द, 'ऱ्या' असलेले शब्द, आणि आकडे. मग छापलेल्या कागदावरूनच फोन नंबर लावून बघा, मोबाइलमधल्या मजकुरावरून नाही. आणि तारीख-वार कॅलेंडर समोर ठेवून जुळवा.

प्रेसवाल्यांनी दोन हजार प्रती सुचवल्या, कारण हजाराच्या पुढे दर उतरतो. मी हिशोब केला. दसऱ्याआधीचे आणि नंतरचे मिळून शंभरेक शर्टांची जागा, एका घरातून दोन-तीन शर्ट येतात, म्हणजे चाळीस घरं भरली की आपण भरलो. त्यातली निम्मी तर जुनीच. तीनशे प्रती काढल्या. दोनशे पेपरवाल्याकडे आसपासच्या गल्ल्यांसाठी, शंभर काउंटरवर. पेपरात टाकायचा दिवस मी रविवार धरला होता, सुट्टी म्हणून. तो २१ सप्टेंबर निघाला, सर्वपित्री अमावास्या. पितृपक्षात नव्या कपड्याचं कुणी नाव काढत नाही, त्यातून अमावास्या. घटस्थापनेच्या सकाळी टाकलं.

व्हॉट्सॲपचंही एक सांगते. ब्रॉडकास्ट लिस्ट केली आणि वाटलं सगळ्यांना गेलं. पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नसतो त्यांना तो मेसेज पोचतच नाही. मापवहीतले बरेच लोक आम्हाला ओळखत होते, पण त्यांच्या फोनमध्ये आम्ही नव्हतो. मग माप घेतानाच बाबा सांगायला लागले, "नंबर 'टेलर' म्हणून सेव्ह करा, कपडे झाले की कळवतो." हे मात्र गणपतीच्या आधीपासून करायला हवं होतं.

मोजायचं कसं, आणि काय चुकलं

प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने एक अक्षर टाकत गेले : पत्रक बघून आले तर 'प', फोनवरून आले तर 'फ', जुने असेच आले तर 'ज'. नवरात्रात एकोणतीस शर्ट आले, आदल्या वर्षी त्याच दिवसांत नऊ आले होते. कोपऱ्यात 'प' असलेली बिलं अकरा. कमी वाटतात, पण त्यातल्या दोघांनी पत्रकच हातात आणलं होतं आणि कापड बरोबर १.६० होतं. 'कापड कमी आहे' हे भांडण त्या महिन्यात फक्त दोनदा झालं.

चूक एक झाली, ती जाहिरातीत नाही, काउंटरवर. शेहेचाळीस जागा ७ तारखेलाच भरल्या आणि छापलेली तारीख होती १०. तीन दिवस लोक पत्रकावर बोट ठेवून कापड देत होते आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. बाबांनी अकरा शर्ट घेतले. चाचा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, रात्री दहापर्यंत बसले, आणि बाबांनी स्वतः एका मशिनवर बसून चार शर्ट उतरवले. त्यातल्या एकाची कॉलर तुळशीच्या लग्नाआधी दुरुस्तीला परत आली. सगळे कपडे १८ ला गेले, फक्त दोन पुड्या १९ ला सकाळी नेल्या.

भाऊबीजेनंतर दुकान उघडलं तेव्हा मी मापवही चाळत होते. शेवटच्या पानावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं : "पुढल्या साली तीन दिवस आधीची तारीख टाकणे. काजावाल्यास आधी विचारणे. मजकूर तोच."